हार्ड की सॉफ्ट बॅग? खरं बघायचं चाकात आणि चेनमध्ये

प्रश्न: आई-बाबा (62 आणि 67) नोव्हेंबरमध्ये मुंबईहून दुबईमार्गे शिकागोला भावाकडे चाललेत, पाच-सहा महिने राहणार. प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा अलाऊड आहेत. घरात नऊ वर्षांपूर्वीच्या दोन मोठ्या सॉफ्ट बॅगा आहेत, दोन चाकांच्या, तीनचारदाच वापरलेल्या. दुकानदार म्हणतो आता सगळे हार्डच घेतात, सॉफ्ट कोणी घेत नाही. हार्ड घ्यावी की सॉफ्ट? चाकं चार की आठ? चेन चांगली आहे हे कसं ओळखायचं? बजेट बॅगेमागे सहा-सात हजार.

उत्तर:

मी बॅगा विकत नाही, दुरुस्त करतो. ठाण्यात बावीस वर्षं झाली या धंद्याला, त्यामुळे माझ्याकडे बॅग येते ती मोडूनच येते आणि माझं मत त्या बाजूने बनलंय हे आधीच सांगून ठेवतो. शोरूमवाल्याला बॅग नवीन असताना कशी दिसते ते माहीत असतं, मला ती कुठे मरते ते माहीत असतं.

तर माझ्याकडे येणाऱ्या बॅगांमध्ये सगळ्यात जास्त चाकं गेलेल्या, मग चेन गेलेल्या, मग हँडल. कापड फाटलं म्हणून येणाऱ्या कमीच. आणि हार्ड बॅगेचं शेल फुटलं म्हणून येतात त्यांना मी बहुतेक वेळा परतच पाठवतो, कारण त्यावर करण्यासारखं काही नसतं. आतून पट्टी लावून चार रिव्हेट मारता येतात, पण ती बॅग मग दादरहून पुण्याला न्यायची, शिकागोला नाही. म्हणून हार्ड की सॉफ्ट हे ठरवताना मी एकच गोष्ट विचारतो, की ही मोडली तर कुठे मोडेल आणि तिथे दुरुस्त होईल का.

आधी हार्डबद्दल, कारण दुकानदार तेच गळ्यात मारतोय. हार्ड म्हणजे एक वस्तू नाही. बाजारात तीन प्लास्टिकं आहेत, एबीएस, पॉलीकार्बोनेट आणि पॉलीप्रॉपिलीन, ज्याला सगळे पीपी म्हणतात. एबीएस कडक असतं, स्वस्त असतं, त्याच्यावर छान चकचकीत डिझाईन येतं आणि धक्का बसला की ते वाकायच्या ऐवजी फुटतं. पॉलीकार्बोनेट वाकतं आणि परत बाहेर येतं, पोचा पडला तरी आतून दाबून बऱ्याचदा निघतो. पीपी हाताला किंचित मेणचट लागतं, हलकं असतं, रंग आरपार असतो त्यामुळे ओरखडा कमी दिसतो, आणि तेही बऱ्यापैकी लवचिक.

गंमत अशी की टॅगवर मोठ्या अक्षरात पॉलीकार्बोनेट लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात एबीएस प्लस पीसी. म्हणजे कधी दोन्हींचं मिश्रण, कधी आत सगळं एबीएस आणि वरून पॉलीकार्बोनेटची पातळ फिल्म. रंगीत चित्रंबित्रं छापलेल्या, आरशासारख्या चमकणाऱ्या स्वस्त बॅगा बघितल्या की मी हेच धरून चालतो. ओळखायचं कसं, तर बॅग बंद करून आडवी ठेवा आणि झाकणाच्या मधोमध दोन्ही अंगठ्यांनी जोर लावा, लाजू नका, दुकानदार बघेल तर बघू दे. चांगलं पॉलीकार्बोनेट किंवा पीपी आत जाईल आणि सोडलं की टुपकन वर येईल. एबीएस एकतर जागचं हलणार नाही, किंवा हललं की करकर आवाज करेल. आणि डिस्प्लेला ठेवलेल्या बॅगेचे कोपरे उजेडात धरून बघा, प्लास्टिक वाकलेल्या जागी पांढरट रेघ आली असेल तर ती भेगेची सुरुवात. एबीएसमध्ये ती हमखास दिसते.

आत्ता हे लिहितानाही एक पडलीये टेबलाखाली. चार चाकांची मोठी, चाक तुटलं म्हणून आलीये. पण चाक तुटलेलंच नाहीये, चाक व्यवस्थित आहे, ज्या कोपऱ्यावर चाकाचं घर बसवलंय त्या कोपऱ्याचं एबीएस स्क्रूच्या भोवती गोल फाटलंय, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. एक स्क्रू अजून लटकतोय. आता मी नवीन चाक बसवायचं कशाला? धरायला प्लास्टिकच उरलं नाही. गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं तर ते म्हणाले अहो दोनदाच वापरलीये. बरोबर आहे, पण दोनदा चोवीस-पंचवीस किलो भरून.

आता सॉफ्टचं. सॉफ्ट बॅगेला आत एक सांगाडा असतो, मागे आणि खाली प्लास्टिकची पाटी, कडेने तार किंवा फायबरची काडी, आणि त्यावर कापड. धक्का कापड खातं, सामान खातं. कोपरे घासतात, पायपिंग झिजतं, कळकट दिसते, पण चालत राहते. कापडाच्या टॅगवर 600डी, 1200डी, 1680डी असं लिहितात, डी म्हणजे डेनियर, 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तेवढा धागा जाड. लांबच्या प्रवासाला 1200च्या खाली मी जात नाही. पण नुसत्या आकड्याला भुलू नका, जाड धागा विरळ विणला तरी टॅगवर आकडा तोच येतो. कापड चिमटीत धरून दोन दिशांना ओढून बघा, विणीत फटी पडल्या तर सोडून द्या. आणि आतल्या बाजूचा लेप बघा, चेन उघडून कापडाच्या उलट्या बाजूला हात फिरवा, चिकट लागला किंवा पावडर आली तर ती बॅग गोडाऊनमध्ये जुनी झालीये. मुंबईच्या दमट हवेत हा लेप सुटतो, मग पावसात पाणी सरळ आत. विमानतळावर पावसात सामानाची गाडी उघडी उभी असते कधीकधी, सॉफ्ट बॅगेतले वरचे कपडे ओले व्हायला तेवढं पुरतं. हार्डमध्येही चेनमधून थोडं पाणी जातंच, पण फरक आहे.

रोजच्या वापरात आणखी एक फरक असतो तो दुकानात कोणी सांगत नाही. हार्ड बॅग मधोमध उघडते, दोन सारखे अर्धे भाग, म्हणजे उघडायला दुप्पट जागा लागते. भावाच्या घरी आईबाबांची खोली किती मोठी असेल ते तुम्हाला माहीत, पण पाच महिने दोन बॅगा जमिनीवर पुस्तकासारख्या उघड्या पडल्या तर चालायला वाट राहत नाही. सॉफ्ट बॅगेचं झाकण वर उघडतं, भिंतीला टेकवून ठेवता येतं, कपाटासारखी वापरता येते. वरच्या खिशात फाइल, औषधांची जास्तीची पाकिटं राहतात. वाकायला त्रास असेल तर हा फरक मोठा आहे. वजनात मात्र दोन्ही जवळपास सारख्या पडतात, मोठी बॅग साधारण चार ते पाच किलोची रिकामी. घेताना काटा लावून बघा, 23 मधून ते आधीच गेलेले असतात.

आता चाकं, कारण माझं पोट त्यावरच चालतं.

दोन चाकी बॅगेची चाकं स्केटिंगच्या चाकांसारखी असतात आणि अर्धी बॅगेच्या आत बसवलेली असतात. लोडरने बॅग फेकली तरी चाकावर थेट मार बसत नाही, रस्त्यावर, फरसबंदीवर, बर्फाच्या चिखलात ती जास्त बरी चालतात. तोटा हा की बॅग तिरकी धरून ओढावी लागते आणि वजनाचा हिस्सा मनगटावर नि खांद्यावर येतो. चार चाकी उभीच ढकलता येते, गुळगुळीत फरशीवर एका बोटाने जाते, वयस्कर माणसाला हे सुखाचं आहे यात वाद नाही. पण ती चाकं बॅगेच्या बाहेर लोंबत असतात, चारही कोपऱ्यांना, आणि बॅग आपटते ती नेमकी कोपऱ्यावर. वर ते गोल फिरायचं असल्यामुळे एका खुंटीवर टांगलेलं असतं, सगळा बाजूचा मार त्या खुंटीला.

आठ चाकं म्हणजे आठ ठिकाणी चाकं नाहीत हो, चारच ठिकाणी जोड्या. एका खुंटीला दोन पातळ चाकं, मधे फट. वजन दोघांत वाटलं जातं, फिरतं मऊ, लिफ्टच्या दारातल्या फटीत एकदम अडकत नाही. मोठ्या बॅगेला चार स्वतंत्र चाकांपेक्षा जोडी बरी असं माझं मत आहे, फक्त एक, त्या जोडीच्या मधे केस आणि दोरे जाऊन बसतात आणि आसाला गुंडाळतात. मी चिमट्याने अक्षरशः लोकरीचा गुंडा काढलाय त्यातून. चाक जाम झालं की ते फिरत नाही, घासत जातं, एका बाजूने सपाट होतं आणि मग संपलं. प्रवासाहून आलं की बॅग उलटी करून पाच मिनिटं सुईने दोरे काढले तर चाक दुप्पट टिकेल, पण कोण करतंय!

चाक कशाचं आहे हे नखाने कळतं. नख रुतवा, किंचित दबलं तर रबरी किंवा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, रबरासारखं मऊ प्लास्टिक, दबलंच नाही आणि टकटक वाजलं तर कडक प्लास्टिक. कडक प्लास्टिक फरशीवर खडखडतं आणि चीर जाऊन फुटतं. पीयू मऊ चालतं, पण त्याला एक रोग आहे. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षं आतून कुजतं, बॅग वापरा नाहीतर माळ्यावर ठेवा. दर दिवाळीत आणि मेमध्ये माझ्याकडे माणसं येतात, बॅग नवीकोरी, टॅगसुद्धा तसाच, आणि घरातून रिक्षापर्यंत नेताना चाकाचा भुगा पडला म्हणतात. तो हाच प्रकार. तुमच्या त्या नऊ वर्षांच्या बॅगा आहेत ना, आज माळ्यावरून काढा आणि चाकाला नख लावा. चिकट लागलं, किंवा शिळ्या वड्यासारखा तुकडा निघाला, तर बाकी बॅग कितीही चांगली असली तरी त्या चाकांवर विमानतळावर जायचं नाही.

दुकानात चाक तपासायचं ते रिकामी बॅग फिरवून नाही. रिकामी कुठलीही बॅग लोण्यासारखी चालते, सेल्समन तेच करून दाखवतो. त्याला सांगा आत दोन-तीन छोट्या बॅगा भर, किंवा सरळ हँडलवर दोन्ही हातांनी वजन टाका आणि ढकला, आणि दुकानाच्या उंबरठ्यावरून न्या. अडखळून बॅग पुढे झुकली तर चाक लहान आहे, 5 सेंटीमीटरच्या आसपास व्यास असेल तर बरं. मग बॅग आडवी करून एकेक चाक धरून डावं-उजवं हलवा. थोडी हालचाल सगळ्यांत असते, पण बोटाला खडखड जाणवली तर खुंटी सैल आहे, नवीन असतानाच. आणि चाकाच्या घराभोवतीचं प्लास्टिक बघा, तिथे शेल जाड आहे का, वरून कोपऱ्याला वेगळी वाटी बसवलीये का. ज्या एबीएस बॅगेबद्दल वर सांगितलं तिला ती वाटी असती तर कदाचित वाचली असती.

यानंतर बॅग उघडा आणि तळाशी अस्तराला छोटी चेन आहे का बघा. हे कोणी बघत नाही आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात कामाची गोष्ट. ती चेन उघडली की आत चाकाचे आणि हँडलचे स्क्रू दिसले पाहिजेत. स्क्रू असतील तर चाक बदलणं पंधरा-वीस मिनिटांचं काम, शिकागोत भाऊसुद्धा ऑनलाईन चाक मागवून घरी बदलू शकेल. रिव्हेट असतील तर ड्रिल मारून काढावे लागतात, होतं, पण दुकान लागतं. आणि अस्तर सगळीकडून चिकटवलेलं असेल तर मला आधी अस्तर फाडावं लागतं आणि मग परत शिवावं लागतं, चाकापेक्षा मजुरी जास्त होते.

आता चेन. आपण चेन म्हणतो, कंपनीवाले झिप म्हणतात, आणि त्याच्यावरून सरकतो तो रनर. बॅगेची मुख्य चेन कॉईलची असते, म्हणजे नायलॉनच्या तारेचं बारीक स्प्रिंग पट्टीवर शिवलेलं. हिला नंबर असतात, 5, 8, 10, नंबर म्हणजे साधारण बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमध्ये रुंदी. खिशांना 5 नंबर ठीक. मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला 8 पेक्षा कमी नको, 10 मिळाली तर उत्तम. स्वस्त बॅगेत मुख्य चेनलाही 5 नंबर टाकलेली मी बघितलीये, खिशाची आणि तोंडाची चेन शेजारी शेजारी ठेवून बघा, दोन्ही सारख्या दिसल्या तर बॅग खाली ठेवा. रनरवर वायकेकेसारखं नाव कोरलेलं असलं तर चांगलंच, पण खोटेही येतात, आणि काही चांगल्या कंपन्या स्वतःच्या नावाने चेन बनवून घेतात, म्हणून नावापेक्षा हात लावून बघणं खरं.

हात लावून म्हणजे काय, तर चेन बंद करा, दोन अंगठे चेनच्या दोन्ही बाजूंना ठेवून ती फाकवल्यासारखी ओढा. दातांमध्ये उजेड दिसला तर चेन हलकी. मग रनर एका बोटाने कोपऱ्यावरून फिरवा. चेन नेहमी कोपऱ्यावर जाते, सरळ भागात जात नाही, कारण तिथे पट्टीला वळायचं असतं आणि नेमकं तिथेच सामान फुगून बाहेर ढकलत असतं. कोपरा जितका गोल तितकी चेन सुखात. काटकोनात वळणारी, खोक्यासारखी चौकोनी बॅग दिसायला मस्त आणि चेनला वैरीण.

चेन गेली असं लोक म्हणतात तेव्हा दहातल्या सहा-सात वेळा चेन गेलेली नसते, रनर गेलेला असतो. रनर हा हलक्या धातूचा ओतीव तुकडा, त्याचं तोंड ताणून ताणून फाकतं, मग तो पुढे जातो पण मागे दात जुळत नाहीत. पक्कड घेऊन रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या, एकदा डावी एकदा उजवी, की परत चालतो. अगदी हलक्या म्हणजे अगदी हलक्या, जास्त दाबलं की ओतीव धातू कडकन तुटतो. हा उपाय एका प्रवासापुरता, घरी पोचेपर्यंत. नंतर रनर बदलायचा, शे-दीडशेचं काम.

पण पूर्ण चेन गेली, दात उपटले किंवा पट्टी फाटली, तर हार्ड आणि सॉफ्टमधला खरा फरक दिसतो. सॉफ्ट बॅगेची चेन मी उसवून नवी शिवू शकतो, अर्धा दिवस जातो पण होते. हार्ड बॅगेची चेन शेलच्या काठाला कारखान्यातल्या मशीनने प्लास्टिकमधून शिवलेली असते. ती उसवली की काठाला भोकांची ओळ उरते, परत त्यातून सुई घातली की दोन भोकांमधलं प्लास्टिक तुटतं. बरेच कारागीर हे काम घेतच नाहीत, मीही हातजोड करतो. म्हणजे लोक हार्ड बॅग मजबूत म्हणून घेतात, आणि तिची सगळी मजबुती एका चेनवर लटकलेली असते जी बदलता येत नाही. जुन्या काळच्या कडीकुलपाच्या, धातूच्या पट्टीच्या हार्ड सुटकेसमध्ये ही भानगड नव्हती, त्या वजनाने मारायच्या. म्हणून हार्ड घेताना चेन सॉफ्टपेक्षाही कडक नजरेने तपासा.

चोरीचं थोडं सांगतो, व्हिडिओ बघून सगळे घाबरलेत. हो, कॉईलची चेन बॉलपेनचं टोक खुपसून उघडता येते. दात फाकतात, आणि नंतर रनर फिरवला की परत जुळतात, कळतही नाही. पण रनर फिरवता आला तरच. दोन रनर एकमेकांना कुलपाने बांधले असतील तर ती जोडी चेनवर मोकळी फिरते. बॅगेच्या अंगावर बसवलेल्या कुलपात पुलर, म्हणजे रनर ओढायच्या पट्ट्या, अडकवल्या असतील तर त्या जागच्या हलत नाहीत, म्हणजे उघडली तर निदान तुम्हाला दिसेल. दोन थरांची चेन असलेल्या बॅगा मिळतात, त्यात पेन सहज जात नाही, या बजेटमध्ये मिळाली तर घ्या. कुलूप अमेरिकेसाठी टीएसएचंच हवं, टीएसए म्हणजे तिकडच्या विमानतळांवर तपासणी करणारी सरकारी यंत्रणा, लाल चौकट उभी असते त्यावर, आणि बाजूला टीएसए007 असं काहीतरी लिहिलेलं. त्याची किल्ली तुम्हाला मिळत नाही, ती तिकडच्या तपासनिसांकडे असते, तुम्ही नंबर लावायचा. साधं कुलूप लावलंत आणि त्यांना बॅग बघायची असली तर ते तोडतील, कधीकधी कुलपाबरोबर पुलरही जातो.

आता तुमचा हिशोब मांडू. चार बॅगा लागणार, दोन घरात आहेत. त्या जुन्या सॉफ्ट फेकू नका. नऊ वर्षांपूर्वीच्या दोन चाकी बॅगांचा सांगाडा आत्ताच्या याच किमतीतल्या बॅगांपेक्षा बऱ्याचदा दणकट निघतो. कापडाचा लेप सुटला नसेल आणि ट्रॉलीचा रॉड सरळ वरखाली होत असेल, तर जवळच्या कारागिराकडून चारही चाकं आणि मुख्य चेनचे रनर बदलून घ्या. माझ्याकडे असतं तर बॅगेमागे सातशे-आठशेच्या आसपास गेलं असतं. वाचलेले पैसे दोन नव्या बॅगांत घाला, सहा-सातऐवजी आठ हजारांपर्यंत गेलात तर खरी पॉलीकार्बोनेट किंवा चांगली पीपी मिळायची शक्यता वाढते.

त्या दोन नव्या हार्ड घ्या, पण मोठ्या नाही, मध्यम घ्या, 67-69 सेंटीमीटरवाल्या. हे ऐकून सगळे नाक मुरडतात. पण बघा, आई काय नेणार? भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लाडू, लोणच्याच्या बरण्या. जड सामान. बारा-तेरा किलो खाऊ, बॅगेचे साडेतीन, झाले सोळा, उरलेल्या जागेत टॉवेल आणि स्वेटर दाबून बसवले की मध्यम बॅग 23 ला गच्च भरते. तेच मोठ्या हार्ड बॅगेत भरलं तर 23 किलो होऊनही बॅग एक तृतीयांश रिकामी राहते, आणि रिकामं शेल आतून आधार नसल्यामुळे वरच्या बॅगांच्या वजनाने दबतं. आतून गच्च भरलेलं शेल सहसा फुटत नाही. शिवाय लोणचं गळलंच तर हार्ड बॅग अस्तर पुसून वापरता येते, सॉफ्ट बॅगेच्या पाटीत गेलेलं तेल आणि हिंगाचा वास मी आजवर काढू शकलेलो नाही. कपडे, शाली, कोट, बूट हे हलकं पण फुगणारं सामान जुन्या मोठ्या सॉफ्टमध्ये.

मोठ्या बॅगा मोजून घ्या मात्र. बहुतेक एअरलाईन्स लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटर सांगतात आणि त्यात चाकं आणि हँडल धरून. टॅगवर बऱ्याचदा नुसत्या अंगाचं माप असतं. एका गिऱ्हाईकाच्या बॅगेवर 75, 51, 31 लिहिलेलं, बेरीज 157, खूश होते ते. मी चाकासकट टेप लावला तर उंची 78, बेरीज 160. दोन सेंटीमीटरला बहुधा कोणी अडवत नाही, पण वर एक्स्पांडरची चेन उघडली की आणखी चार-पाच वाढतात आणि मग काउंटरवर वाद. ती जास्तीची चेन जाताना उघडूच नका, ती येताना भाऊ सामान देईल तेव्हासाठी, आणि तेव्हाही सॉफ्टचीच उघडा, हार्डची उघडली की मधे नुसती कापडाची पट्टी राहते आणि दोन्ही शेलं एकमेकांवर हलतात.

आता दोन चाकी की चार चाकीचं. बाबांनी हार्डची जोडी ढकलायची, ती चार ठिकाणी आठ चाकांची घ्या. जुन्या सॉफ्ट विमानतळावरच्या ट्रॉलीवर ठेवायच्या. शिकागोला इमिग्रेशन झाल्यावर बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलाव्या लागतील, म्हणून बाजूचं हँडल बघून घ्या, वरचं नाही, बाजूचं. पट्ट्यावरून बॅग त्यानेच ओढतात. ते हार्ड बॅगेत दोन स्क्रूंवर असतं, ओढून बघा, शेल त्याच्याबरोबर उचललं जात असेल तर आतून पाटी नाही. भावाला सांगा बर्फ असेल तर पार्किंगमधून बॅगा फरफटत नेऊ नको, रस्त्यावर टाकलेलं मीठ बेअरिंगमध्ये जातं आणि महिन्याभरात गंजतं. नेलीच तर घरी गेल्यावर चाकं कोमट पाण्याने धुवून पुसायची.

निघायच्या आदल्या दिवशी भरलेल्या चारही बॅगांचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, चाकांचे वेगळे. तिकडे पट्ट्यावरून उतरवल्यावर बाहेर पडण्याआधीच चाकं, कोपरे, चेन बघायला सांगा आणि काही मोडलं असेल तर तिथल्या तिथे एअरलाईनच्या काउंटरवर लेखी नोंद करायला सांगा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत द्यावी लागते, घरी जाऊन झोपा काढून दहाव्या दिवशी फोन केला तर कोणी दाद देत नाही.

जुन्या बॅगेच्या चाकाचा फोटो टाका नख लावल्यानंतरचा, तोपर्यंत नवीन काही घेऊ नका.